शेवटची ओळ एकटी वाचू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचा तुझा स्क्रीनशॉट पाहिला. तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलीचा मेसेज, खाली ‘टेक केअर डिअर’ आणि लाल बदाम. वरचं सगळं तू कापून टाकलंस आणि मला विचारतोस, मावशी, हिच्या मनात काय आहे? अरे, जे कापलंस त्यातच ते असणार! शेवटची ओळ एकटी वाचायची नसते.

म्हणून मी सगळं संभाषण मागवलं. नवरात्रीआधी ती ‘ओके, थँक्स’वर थांबायची. मग तिच्या आईला ताप आला, तेव्हा तू गुजरातीत लिहिलंस, ‘ध्यान राखजो, कंई काम होय तो कहेजो.’ दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून ‘टेक केअर’ येऊ लागलं. म्हणजे सुरुवात तुझी होती आणि तूच ती विसरलास. माणसं समोरच्याचा सूर उचलतात. हॉवर्ड जाइल्स नावाच्या अभ्यासकाने 1970च्या दशकात यावर सिद्धांतच मांडला: जवळीक वाटावी म्हणून आपण बोलण्यात एकमेकांकडे सरकतो. तेव्हा ‘टेक केअर’ हा बराचसा तुझाच प्रतिध्वनी समज. तिने तो परत दिला, हेही थोडं नाही. पण त्याहून जास्त काही त्यात शोधू नकोस.

आता ‘डिअर’ आणि बदाम. ते कुठे आलेत बघ. एकदा तिला दुपारच्या आत शीट हवी होती. एकदा शनिवारची पाळी बदलून हवी होती. आणि एकदा तिने तुझ्या चहाला ‘या आठवड्यात नहीं फावे’ असं कळवलं. तिन्ही ठिकाणी मागणं आहे किंवा नकार आहे. असं जड काही लिहिलं की माणूस शेवट मऊ करतो, म्हणजे समोरच्याला लागू नये. ऑफिसच्या ग्रुपवरही ती मागणं असलं की सगळ्यांना ‘डिअर’ म्हणते, हे तूच मला सांगितलं होतंस. प्रत्येकाची लिहिण्याची एक सवय असते. आधी ती ओळखायची, मगच बदल मोजायचा.

मी बोट ठेवीन ते दुसऱ्याच मेसेजवर. रात्री अकरा वाजता, कामाचं काही नसताना, वडील गरब्यावरून रागावले ते तिने तुला चार ओळींत लिहिलं. शेवटी काहीच नाही, ना ‘टेक केअर’, ना बदाम. तो मेसेज तुला कोरडा वाटला. मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. घरच्या माणसाला कोण निरोपाची ओळ लिहितं?

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटली. वडोदऱ्यात वाढलास, तरी? दिवाळीपर्यंत तू तिच्यासाठी नावापुढे ‘भाई’ होतास आणि ती ‘कहेजो’, ‘मोकलजो’, म्हणजे सांगा, पाठवा, असं आदराने लिहायची. आता ‘भाई’ गेलं आणि एकेरी ‘कहेजे’, ‘मोकलजे’ आलं. बदाम एका बोटाने जातो, कीबोर्ड स्वतःच सुचवतो. ‘तमे’वरून ‘तुं’वर आलेल्या माणसाला मात्र जवळजवळ प्रत्येक क्रियापद बदलावं लागतं, आणि ती ते सातत्याने बदलते आहे. हा बदल खरा आहे. तो प्रेमाचा आहे की मैत्रीचा, हे त्यावरून कळणार नाही. आपल्या शहरात बरोबरीच्या मित्रालाही ‘तुं’च म्हणतात.

मी यावर इतकी का अडते, तेही सांगते. माझे थोरले बंधू ग्वाल्हेरला होते. त्यांच्या पत्राचा शेवट कायम ‘कळावे, लोभ असावा’. दूधवाल्याच्या चिठ्ठीतही ते तेच लिहीत. पण मधला मजकूर दोन पानांवरून एक पान झाला, मग पोस्टकार्डावर आला. आई म्हणायची, लोभ असावा लिहिलंय ना, मग ठीक आहे. मी म्हणत होते, दादा ठीक नाहीत. मला रुक्ष म्हणाले, संशयी म्हणाले. ते किती खचले होते ते घराला फार उशिरा कळलं, आणि ती हळहळ अजून जात नाही. मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही तेच सांगते: शेवटची ओळ एकटी वाचायची नाही.

आता दोन आठवडे तू तुझा शेवट साधा ठेव. रुसल्यासारखा नको, फक्त पूर्वीसारखा. तिचाही शेवट साधा झाला तर तो प्रतिध्वनी होता. तसाच राहिला तर तो तिचा स्वतःचा आहे. पण तेवढ्यावरून होकार समजू नकोस, सवयही जडते. बघायचं ते हे, की विनाकारण मेसेज येतात का, तू सांगितलेलं ती पुढे आठवणीने विचारते का.

आणि तिने चहाला नकार दिला तेव्हा ‘या आठवड्यात’ असं लिहिलं होतं. तू बदामाकडे पाहत बसलास, तो शब्द वाचलाच नाहीस. पुढच्या रविवारी मांडवीकडे सेव-उसळ खायला येतेस का, असं सरळ विचार. ती दिवस सुचवते का बघ. पुन्हा नाही म्हणाली आणि दुसरा दिवसही सुचवला नाही, तर खाली कितीही बदाम असले तरी तो नकार समज आणि परत विचारू नकोस.