डाळमिलला पहिला मेल: विषयाच्या ओळीत काय लिहाल?

भाऊ, लातूरच्या डाळमिलवाल्यांना चाळण्या विकायच्या आहेत आणि विषयात ‘खास ऑफर!!! आजच संपर्क करा’ लिहिलंय. यातून मालकाला एवढंच कळतं की हाच मेल शंभर जणांना गेलाय. त्याऐवजी ‘तूरडाळीत चुरी मिसळून जाते का?’ असं विचारा. मोबाइलवर विषयाची साधारण पहिली 30-40 अक्षरंच दिसतात, म्हणून त्याच्या धंद्यातला शब्द सुरुवातीलाच हवा.

आधी बोलणं झालेलं नसताना `Re:` मुळीच लावू नका. मेल उघडला जाईल, पण फसवणूक कळताच माणूस `Report spam` दाबतो, आणि तेच सगळ्यात महागात पडतं. अशा तक्रारी 0.3 टक्क्यांच्या, म्हणजे हजारात तिनाच्या खाली ठेवा, असं जीमेलचं सांगणं आहे.

‘फ्री’ हा एकटा शब्द सहसा मेल बुडवत नाही. नव्या डोमेनवरून, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या SPF आणि DKIM या सेटिंग न लावता, एका दिवसात 500 मेल सोडले तर साधा-सरळ विषयही स्पॅममध्ये जातो. आधी स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, `Show original` उघडा. दोन्हींपुढे `PASS` दिसलं की रोज 20-25 मेलपासून सुरुवात करा.