एनएमएमएसची अधिसूचना वाचताना : सोलापूरच्या पालकांचे प्रश्न

आठवीतल्या मुलांसाठीच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल, म्हणजेच एनएमएमएसबद्दल, या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतो.

मालक यंत्रमागावर जातात, मी घरी विड्या वळते. सेतूवाला म्हणतो, दाखल्यात फक्त वडिलांचं उत्पन्न टाका, नाहीतर बसणार नाही. काय करू? (अशोक चौक)

ताई, दोघांचं टाका. अधिसूचनेत मर्यादा पालकांच्या एकूण वार्षिक उत्पन्नाची आहे, साडेतीन लाखांची. समजा मालकांना महिन्याला 15,000 मिळतात आणि विड्यांचे तुमचे 6,000. वर्षाचे 1,80,000 अधिक 72,000, म्हणजे 2,52,000. मर्यादेत जवळपास लाखभराची जागा उरते, मग लपवायचं कशाला? दाखला तहसीलदारांचा काढा. कारखान्याची पगारचिठ्ठी त्याच्या जागी चालत नाही. हातात पडल्यावर आधी त्यावरचं आर्थिक वर्ष बघा. रक्कम बरोबर आणि वर्ष जुनं, असे दाखले मी दर हंगामात पाहतो.

मुलगा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आहे. सातवीला 78 टक्के, उत्पन्न दोन लाख. फॉर्म भरता येईल ना? (बार्शी)

नाही. ही योजना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयसुद्धा बाहेर. लोक उत्पन्न आणि टक्क्यांवर थांबतात, शाळेच्या प्रकाराची ओळ वाचतच नाहीत. सातवीला 55 टक्के लागतात. पाच टक्क्यांची सवलत फक्त अनुसूचित जाती-जमातींना आहे, इतर मागासवर्गीयांना नाही.

मुलीला 180 पैकी 104 गुण. निकालात पात्र लिहिलंय, पण निवड यादीत नाव नाही. कुणीतरी घोळ केलाय का? (मोहोळ)

घोळ नसावा. बौद्धिक क्षमता चाचणी 90 गुणांची, शालेय क्षमता चाचणी 90 गुणांची. दोन्ही मिळून 40 टक्के, म्हणजे 72 गुण मिळाले की पात्र. अनुसूचित जाती-जमातींना 32 टक्के पुरतात. पण पात्र म्हणजे निवड नव्हे. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 जागा येतात, त्या जिल्ह्यांत आणि जिल्ह्यात प्रवर्गांत वाटल्या जातात. तुमच्या मुलीची स्पर्धा सोलापूर जिल्ह्यातल्या तिच्याच प्रवर्गाशी, आणि तिथली शेवटची निवड 104 च्या वर थांबली असणार. म्हणून फॉर्म भरतानाच प्रवर्गाचा रकाना नीट भरायचा असतो. तुम्ही मराठा किंवा कुणबी-मराठा असाल, तर पात्र होऊनही निवड न झालेल्यांसाठी सारथीची वर्षाला 9,600 रुपयांची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिची सूचना वेगळी निघते. शाळेत लगेच विचारा.

निवड झाली, शाळेत सत्कारही झाला. मुलगा नववीत गेला, वर्ष संपत आलं, एक रुपया नाही. (अक्कलकोट)

सर्वांत जास्त पत्रं याच तक्रारीची, आणि कारण बहुतेक वेळा एकच. परीक्षेचा फॉर्म शाळा भरते, त्याची मुदत नियमित, विलंब आणि अतिविलंब शुल्क अशा टप्प्यांत वाढते. ती संपली की पालकांना वाटतं काम झालं. पण वर्षाचे 12,000 रुपये त्या फॉर्मवर मिळत नाहीत. निवड झालेल्या मुलाचा अर्ज नववीत scholarships.gov.in वर नव्याने भरावा लागतो, आणि तिथे विलंब शुल्काची सोय नाही.

त्या संकेतस्थळावर योजनेच्या नावासमोर एकापेक्षा जास्त तारखा असतात. पहिली अर्ज भरायची. नंतरच्या शाळेने पडताळणी करायच्या आणि जिल्हा पातळीवर करायच्या. पहिली तुमच्या हातात. पण शाळेने तिच्या तारखेत मंजूर केलं नाही, तर वेळेत भरलेला अर्जही पडून राहतो. तुमच्या मुलाच्या अर्जाची स्थिती आजच उघडा. शाळेच्या पातळीवर प्रलंबित दिसलं तर मुख्याध्यापकांना गाठा. त्रुटी काढून परत पाठवला असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा सादर करायची मुदत वेगळी असते, तीही तिथेच लिहिलेली असते.

गेल्या वर्षी एका मुलाचं नाव निवड यादीत एक आणि आधारवर दुसरं होतं. आधारवर वडिलांचं नाव मधे नव्हतं. अर्ज तिथेच अडला. आधी आधार दुरुस्त, मग नोंदणी, यात महिना गेला. हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच जुळवलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

सगळं मंजूर असूनही पैसे नसतील, तर बँकेत जाऊन मुलाचं आधार त्या खात्याशी थेट लाभासाठी जोडलंय का विचारा. केवायसीला दिलेली आधारची झेरॉक्स म्हणजे ही जोडणी नव्हे. आणि दहावीनंतर नूतनीकरणासाठी 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55. बारावीपर्यंत मुलाला विनाअनुदानित शाळेत हलवू नका. त्या दिवशी पात्रता जाते.