व्हेस्ट झालेले आरएसयू आणि दुसऱ्यांदा टॅक्स

प्रश्न: कंपनीने दिलेले आरएसयू शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे माझ्या नावावर आले, टॅक्सही कापला. आता विकले तर पुन्हा टॅक्स लागेल का?

फक्त व्हेस्टिंगनंतर वाढलेल्या भावावर लागेल. व्हेस्टिंगच्या दिवसाची किंमत पगारात धरून टॅक्स झालेला असतो, त्यामुळे तीच तुमची खरेदी किंमत. समजा १०० शेअर ₹१,००० भावाने व्हेस्ट झाले. पगारात एक लाख धरले आणि ३१.२ टक्के टॅक्ससाठी ३२ शेअर विकले गेले. उरलेले ६८ तुम्ही ₹१,०५० ला विकलेत, तर करपात्र नफा ₹३,४०० एवढाच. ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदी किंमत शून्य दिसत असेल तर ती तशीच रिटर्नमध्ये भरू नका, नाहीतर खरंच दोनदा टॅक्स जाईल! मात्र टॅक्स वाचवायला थांबायचं असेल, तर नफा लाँग टर्म धरला जाण्याची मुदत भारतात लिस्टेड शेअरसाठी १२ महिन्यांची असते, परदेशी शेअरसाठी २४.