मधला रकाना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वर्षभर वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून तू नोंदी केल्यास आणि हाती आले ते एवढेच, की बाईंनी ज्या मुलांना हुशार मानले ती वार्षिक परीक्षेत पुढे राहिली आणि ज्यांना कच्चे मानले ती मागे. आता लिहीत असलेल्या प्रकरणाला ‘समजुतीतून वास्तव घडते’ असे शीर्षक द्यावे, की बाईंचा अंदाज मुळातच बरोबर होता असे मानून सारे मोडीत काढावे, हा तुझा पेच आहे. दोन्हींत घाई आहे. समजूत स्वतःहून काहीही घडवत नाही. माणूस तिच्या भरवशावर काहीतरी करतो आणि जे घडते ते त्या करण्यामुळे घडते. तुझ्या वहीत समजूत आहे आणि निकाल आहे; मधल्या करण्याचा रकाना रिकामाच आहे.

विल्यम थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये लिहिलेले वाक्य तू पहिल्याच पानावर उद्धृत केले आहेस: माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली, तर तिचे परिणाम खरे होतात. पण त्या वाक्याच्या अगोदरची हकिकत तू वाचलेली दिसत नाहीस. रस्त्याने स्वतःशी पुटपुटत जाणारे लोक आपल्याला शिव्या देत आहेत असे वाटून एका माणसाने त्यांच्यापैकी अनेकांचे खून केले होते, आणि तो तुरुंगात होता. ती माणसे शिव्या देत होती, हे त्याच्या मानण्याने खरे झाले नाही. खरे झाले ते त्यांचे मरण, कारण मध्ये त्याचा हात चालला. थॉमस ‘परिणाम’ खरे होतात म्हणतात, ‘समजूत’ खरी होते असे म्हणत नाहीत. हा फरक वर्गात किती वेळा सांगितला असेल, तरी दर वर्षी उत्तरपत्रिकांत तीच चूक येई!

समजूतच खरी ठरण्याचा प्रकार वेगळा आणि अरुंद आहे. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये त्याला नाव दिले. आपण त्याला स्वतःला खरे ठरवणारे भाकीत म्हणू. त्यांचे उदाहरण एका काल्पनिक बँकेचे होते. मी तुला घडलेली घटना सांगतो, कारण तिच्यात मधला रकाना भरलेला आहे. डिसेंबर १९७३ मध्ये जपानमधील तोयोकावा येथे आगगाडीत तीन शाळकरी मुली बोलत होत्या. एकीला स्थानिक पतसंस्थेत नोकरी मिळाली होती, आणि मैत्रिणींनी ‘अशी जागा धोक्याची’ असे चेष्टेने म्हटले. हा धोका दरोड्याचा होता असे सांगतात. मुलीने घरी नातेवाइकांकडे चौकशी केली, त्यांनी पुढे चौकशी केली, आणि प्रत्येक चौकशीगणिक प्रश्नचिन्ह गळत जाऊन संस्था बुडत असल्याची वार्ता तयार झाली. तोवर कोणी एक पैसाही काढला नव्हता.

मग एका धुलाईच्या दुकानात एक गिऱ्हाईक फोन मागून घेते आणि त्यावरून त्याच संस्थेतून पैसे काढायला सांगते. त्या गृहस्थाला अफवेचा पत्ताही नव्हता. त्याला व्यवसायासाठी रक्कम हवी होती. दुकानदाराच्या कानावर मात्र ती अफवा आधी आलेली होती. त्याने दुसऱ्याची साधी कृती पुरावा म्हणून वाचली, स्वतःची ठेव काढली आणि ओळखीच्यांना कळवले. पाहता पाहता शाखांसमोर रांगा लागल्या. आता रांगेत उभे राहणारा मनुष्य मूर्ख आहे का? अजिबात नाही. कोणतीही पतसंस्था ठेवींचा मोठा भाग कर्जाऊ देते. समज, शंभर भाग ठेवींपैकी पंधरा भाग रोख हाताशी आहेत. वीस भागांचे धनी एकाच दिवशी आले, तर धडधाकट संस्थाही उरलेल्या पाच भागांपुरती अडते, आणि ज्याने अफवेवर विश्वास ठेवला नाही तोही, इतरांनी ठेवला आहे एवढ्याच कारणाने, रांगेत धावतो. ही समजूत खरी ठरू शकते, कारण संस्थेची रोकड ठेवीदारांच्याच कृतीवर अवलंबून असते. मी कितीही मानले तरी उद्याचे ग्रहण पुढे ढकलले जात नाही.

आणि तरीही तोयोकावाची संस्था बुडाली नाही. मध्यवर्ती बँकेने रोकड पुरवली, संस्था सुस्थितीत असल्याचे जाहीर केले, आणि नोटांच्या थप्प्या लोकांना दिसतील अशा रचून ठेवल्या. समजूत पसरलेली होतीच. मधली कृती तोडल्यावर निकाल बदलला.

आता तुझ्या वर्गाकडे येतो. रोझेन्थल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साधारण एक पंचमांश मुलांची नावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून शिक्षकांना सांगितले, की ही मुले यंदा झेप घेतील. पहिली-दुसरीत अशा मुलांचे बुद्धिमापन चाचणीतले गुण लक्षणीय वाढले, वरच्या इयत्तांत फारसे नाही. त्यांच्या चाचणीवर रास्त टीका झाली. पण रचना बघ: नावे चिठ्ठीने निवडलेली असल्यामुळे अंदाज आणि पात्रता वेगळी करता येत होती. तुझ्या बाईंनी अंदाज मुलांच्या वह्या पाहून बांधला, म्हणून तुला ती वेगळी करता येत नाहीत. शिवाय स्टीफन राउडेनबुश यांनी १९८४ मध्ये असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील तर बाहेरून पेरलेल्या अपेक्षेचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो असे आढळले. परिणाम लहान असतो, पण याचा अर्थ तो खोटा असतो असा नाही.

मग वर्गात पाहायचे काय? मधली कृती. मेरी बड रो यांनी मोजले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ज्यांना कच्चे मानतात त्यांच्यासाठी त्याहून कमी. थांबणे तीन सेकंदांवर गेले की उत्तरे लांबतात. हे सेकंद तू मोजलेस का?

मीही मोजले नव्हते. माझ्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलत असे. त्याची फजिती होऊ नये म्हणून मी त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर लागणारे प्रश्न विचारी आणि तो ओठ हलवू लागताच पुढच्याकडे वळे. वर्षअखेरीस त्याला दोन वाक्ये सलग मांडता येईनात, तेव्हा माझे निदान बरोबर ठरल्याचे समाधान मला वाटले होते. माझा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. वर्गात साठ मुले होती आणि अभ्यासक्रम संपवायचा होता. पण हेतू माझ्या मनात होता आणि त्या मुलाच्या वाट्याला आले ते माझे वळणे. पुढे मी त्याच वर्गावर निबंध लिहिला, गुणांचे तक्ते दिले आणि स्वतः काय केले याबद्दल एक ओळही लिहिली नाही. संपादकांनी तो परत पाठवला, तेव्हा मी वर्षभर त्यांच्यावर रागावलो होतो. तेव्हापासून या एका गोष्टीबाबत मी हट्टी झालो आहे, आणि तुला ते कटकटीचे वाटले तरी चालेल.

तेव्हा प्रकरणाचे शीर्षक राहू दे. नवीन वर्ष सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवसापासून वर्गात बस, कारण दोन आठवडे उलटल्यावर तुला समजूत घडताना दिसणार नाही. बाईंना कोणाविषयी काय वाटते ते पहिल्याच आठवड्यात लिहून घे आणि मागील इयत्तेतील गुण शेजारी मांड. ज्या मुलांचे मागचे गुण सारखे, पण बाईंचा अंदाज वेगळा, अशा जोड्या काढ. थोड्याच निघतील, चार निघाल्या तरी पुरे. मग घड्याळ घेऊन त्यांच्यापुरतेच मोज: प्रश्न कोणाला, थांबणे किती, उत्तर चुकल्यावर दुसरी संधी की पुढचा विद्यार्थी. जोडीतल्या दोघांच्या बाबतीत बाई सारख्याच थांबत असतील, तर तसे लिही आणि अंदाजाला श्रेय देऊ नकोस.

पहिल्या पंधरवड्याची पाने भरली, की निष्कर्ष न काढता तशीच माझ्याकडे पाठव.

तुझा,
जुना शिक्षक