पेटो सरोवराचे फिरोजी पाणी बाटलीत बिनरंगी का दिसते?

प्रश्न: «जुलैमध्ये कॅनडातल्या बँफला जाऊन आलो. पेटो सरोवर अगदी फिरोजी दिसत होते, पण काठावर उतरून बाटलीत भरलेले पाणी बिनरंगी निघाले! पुढे अथाबास्का हिमनदीवरच्या भेगा आतून गडद निळ्या होत्या. हा पाण्यातल्या तांब्यासारख्या क्षारांचा परिणाम की आकाशाचे प्रतिबिंब? आणि तसे असेल तर गोमुखाला भागीरथी राखाडी का?»

उत्तर:

नमस्कार. रंग तांब्याचा नाही आणि आकाशाचाही नाही. तो मुळात पाण्याचाच आहे. मात्र तो इतका फिकट आहे की बाटलीच्या सात-आठ सेंटिमीटर जाडीत डोळ्यांना जाणवत नाही. डोळ्यांपर्यंत पोचण्याआधी प्रकाश पाण्यातून किंवा बर्फातून किती अंतर कापून आला, हे एकदा लक्षात घेतले की भेगेतला निळा, सरोवराचा फिरोजी आणि गोमुखाचा राखाडी हे तिन्ही रंग एकाच धाग्यात बसतात.

पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध सतत कंप पावत असतात. या कंपनांची मूळ वारंवारिता अवरक्त पट्ट्यात येते, पण तिच्या वरच्या पटींपैकी काही क्षीण पटी दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापर्यंत पोचतात आणि तेवढाच प्रकाश पाणी हळूहळू शोषून घेते. शुद्ध पाण्याच्या एका मीटर जाडीतून 700 नॅनोमीटरचा गडद तांबडा प्रकाश जेमतेम निम्मा पार होतो. पाच मीटरनंतर त्याचा वीसावा हिस्साही उरत नाही, नारिंगी एक तृतीयांश उरतो, हिरवा सुमारे तीन चतुर्थांश आणि निळा जवळजवळ सगळा. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जड पाण्यात मिळतो. त्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम असल्यामुळे कंपने मंदावतात, शोषणाचे पट्टे दृश्य प्रकाशाच्या बाहेर सरकतात आणि लांब नळीतूनही ते पाणी रंगहीन दिसते. आकाशाचे प्रतिबिंब हे कारण असते, तर दोन्ही पाणी सारखेच निळे दिसले असते.

बर्फाचे शोषणही बहुतांशी असेच आहे. निळा प्रकाश तर तो पाण्याहूनही कमी शोषतो. तरीही ताजा हिम पांढरा दिसतो, कारण त्यात कण आणि हवा यांच्या असंख्य सीमा असतात आणि प्रकाश त्यांवर आपटून काही सेंटिमीटरमध्येच बाहेर पडतो, म्हणजे तांबडा भाग शोषला जायला वावच मिळत नाही. वर्षानुवर्षे साचणाऱ्या थरांच्या भाराखाली हा हिम दाबला जातो. घनता घनमीटरला सुमारे 830 किलोग्रॅमवर पोचली की कणांमधल्या मोकळ्या वाटा बंद होतात, हवा सुट्या बुडबुड्यांत अडकते आणि आणखी खोलवर ते बुडबुडेही आकसतात. अशा दाट बर्फात प्रकाश वळण्याआधी कितीतरी मीटर आत जातो आणि परत येताना त्यात निळाच प्रामुख्याने उरलेला असतो. भेगेत तर तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात राहतो आणि प्रत्येक खेपेला थोडा बर्फात शिरून येतो, म्हणून ढगाळ दिवशीही भेग आतून निळीच असते. याउलट हिमनदीचा उघडा पृष्ठभाग उन्हाने कणांच्या सांध्यांवर वितळून खरबरीत होतो आणि पुन्हा पांढरट दिसू लागतो.

आता सरोवराकडे येऊ. बर्फात जे काम बुडबुडे करतात, ते इथे दगडाचे पीठ करते. पेटो हिमनदी वाप्टा हिमक्षेत्रातून उतरते. तिच्या तळाशी गोठून अडकलेले दगड खालच्या खडकावर प्रचंड दाबाने घासले जातात आणि त्यातून वाळूपासून एक-दोन मायक्रोमीटरपर्यंतचा चुरा निघतो. मोझेकची फरशी घासताना निघणारे दुधी पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ओढ्याचे पाणी कसे दिसत असेल ते सांगायला नको. या चुऱ्यातली वाळू सरोवराच्या तोंडाशीच पसरून त्रिभुज प्रदेश तयार करते, जो वरच्या कठड्यावरून स्पष्ट दिसतो. पुढे काय तरंगत राहील, हे कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. चार-पाच अंशांच्या स्थिर पाण्यात 20 मायक्रोमीटरचा कण दिवसाला साधारण 20 मीटर खाली जातो, पण त्याच्या दहावा हिस्सा व्यासाचा, म्हणजे 2 मायक्रोमीटरचा कण दिवसाला केवळ 20 सेंटिमीटर, आणि वाऱ्याने होणारी घुसळण त्याला पुन्हा वर आणते. उन्हाळाभर सरोवरात उरते ते हे बारीक पीठ.

इथे एक गैरसमज वारंवार वाचायला मिळतो, की हे कणच निळा प्रकाश निवडून विखुरतात, जसे आकाशात हवेचे रेणू करतात. तसे नाही. हे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असल्यामुळे सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. रंग निवडण्याचे काम पाणीच करते. कणांचे काम प्रकाशाला काही मीटरांवरून परत फिरवणे, एवढेच आहे. तेवढ्या प्रवासात तांबडा आणि नारिंगी गळून जातात, मात्र हिरवा अजून शिल्लक असतो, म्हणून परतलेला प्रकाश निळा आणि हिरवा मिळून फिरोजी होतो. शिवाय तो भरपूर असतो, म्हणून सरोवर आतून उजळल्यासारखे दिसते. पाण्यात कण जवळजवळ नसतील, तर प्रकाश फार खोल जातो, हिरवाही बराचसा शोषला जातो, परतणारा प्रकाश थोडाच असतो आणि सरोवर गडद निळे दिसते.

गोमुखाचे उत्तर याच मोजमापाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे गाळ इतका दाट आणि जाडाभरडा असतो की प्रकाश काही सेंटिमीटरमध्येच माघारी येतो, पाण्याला आपला रंग दाखवण्याइतके अंतरच मिळत नाही आणि दिसतो तो दगडाच्या चुऱ्याचा राखाडी रंग. पेटो सरोवराला मिळणारा ओढाही तोंडाशी असाच मळकट असतो. फरक एवढाच, की त्याच्या पुढ्यात गाळ निवडून काढणारे सरोवर आहे.

याच कारणाने पेटोचा रंग वर्षभर एकसारखा राहत नाही. हिवाळ्यात हिमनदीचे वितळणे थांबते, वरच्या बर्फामुळे वारा पाण्याला लागत नाही आणि अनेक महिन्यांच्या शांततेत पीठ बरेचसे खाली बसते. म्हणून जूनच्या सुरुवातीला बर्फ फुटते तेव्हा सरोवर बरेच गडद असते. वितळलेल्या पाण्याबरोबर नवे पीठ येत जाते, तसा जुलै-ऑगस्टमध्ये फिरोजी रंग भरतो. तुम्ही जुलैत गेलात, म्हणून ऐन भरात पाहायला मिळाला.

तुमच्याकडे ती बाटली अजून असेल, तर ती हलवून अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरी लावून पाहा: प्रकाशाची वाट पाण्यात धूसर उमटेल. मग बाटली काही आठवडे न हलवता ठेवा. तळाशी राखाडी रंगाचा अतिशय मऊ थर बसेल आणि वरचे पाणी नितळ होईल. रंग तांब्याच्या क्षारांचा असता, तर तो बाटलीतही दिसला असता आणि गाळ बसल्यावरही तसाच टिकला असता.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते, कारण मला तिची काळजी वाटते. पेटो हिमनदी झपाट्याने मागे हटत आहे आणि तिच्या तोंडाशी अलीकडे एक नवे सरोवर तयार झाले आहे. गाळ आता आधी तिथे थांबतो. हिमनदी जसजशी लहान होईल, तसतसे खडक घासणारे वजन घटेल, पीठ कमी होईल आणि खालचे पेटो सरोवर उन्हाळ्यातही जूनसारखे गडद निळे राहू लागेल. हा बदल छायाचित्रांवरून ताडायचा असेल, तर वेगवेगळ्या वर्षांची, पण एकाच महिन्यातली आणि भर दुपारची छायाचित्रेच शेजारी ठेवावीत. नाहीतर ऋतूचा फरक हिमनदीच्या खात्यावर मांडला जाईल.