विडी, मोतीबिंदू आणि डोळ्याचा पडदा

प्रश्न: आमचे अण्णा ६४ वर्षांचे, वाळवा तालुक्यातले. चाळीस वर्षं विडी ओढतात. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी समोरचा माणूस ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणतात पडदा खराब आहे, विडीमुळंही असेल. विडीचा डोळ्याशी काय संबंध? आणि आता या वयात सोडून काय उपयोग?

उत्तर:

आधी एक काम आजच करा, बाकीचं नंतर वाचा. अण्णांना जवळचा चष्मा लावून डावा डोळा तळहातानं पूर्ण झाकायला सांगा. उजव्या डोळ्यानं दाराच्या चौकटीकडं किंवा चौकटीच्या वहीच्या पानाकडं बघू द्या. पान हातभर अंतरावर धरायचं, मधोमध पेनानं एक ठिपका काढायचा आणि नजर ठिपक्यावरून हलवायची नाही. आजूबाजूच्या रेषा वाकलेल्या, लाटेसारख्या दिसतात का? मध्येच काळपट डाग येऊन रेषा तुटते का? तसं असेल तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. या आठवड्यातच सांगली, मिरज किंवा कराडला पडद्याच्या तज्ज्ञाकडं जा. पडद्याचा वयानं होणारा आजार असेल तर त्याच्या एका प्रकारात पंधरा दिवसांचा उशीरही महागात पडतो.

मी सातारा जिल्ह्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करतो. नंबर काढणं, मोतीबिंदूचे रुग्ण शोधणं, ऑपरेशननंतर नजर तपासणं, हे माझं रोजचं काम. ‘भिंग घातलं तरी दिसत नाही’ ही तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात आणि बहुतेकांच्या घरात पहिला संशय ऑपरेशनवर असतो. तुमच्या डॉक्टरांनी विडीचं नाव घेतलं ते मात्र उगाच नाही.

धूर बाहेरून डोळ्यात जाऊन चुरचुरतो, तेवढ्यानं हे नुकसान होत नाही. ते रक्तातून होतं. विडीचा धूर फुप्फुसातून रक्तात उतरतो आणि रक्तातून डोळ्यापर्यंत पोचतो. डोळ्याच्या भिंगाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि त्यातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात, बदलून नवी येत नाहीत. त्यांना जपण्यासाठी शरीर क जीवनसत्त्वासारखे घटक वापरतं. ओढणाऱ्याच्या शरीरात ते धुराशी झुंजण्यातच लवकर संपतात. त्यात तंबाखूचं झाड जमिनीतून कॅडमियम नावाचा धातू शोषून घेतं आणि ओढणाऱ्यांच्या भिंगात तो साठलेला सापडतो. मग भिंगाचा गाभा आधी पिवळा, पुढं तपकिरी होत जातो. या गाभ्याच्या मोतीबिंदूचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट असतो.

यात माणूस फसतो तो असा: गाभा घट्ट होताना डोळ्याचा नंबर उणे बाजूला सरकतो. लांबचं बिघडतं, पण जवळचं सुधारल्यासारखं वाटतं. ‘आता चष्म्याशिवाय पेपर वाचतो’ असं साठीतला माणूस आनंदानं सांगू लागला की मी त्याला लगेच तपासायला बसवतो.

मोतीबिंदू काढता येतो. पडद्याचं तसं नाही. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. चेहरा ओळखणं, वाचणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्यावर चालतं. त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. विडीतला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन अडवतो, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. मॅक्युलाला कडक उजेडापासून वाचवणारं पिवळं रंगद्रव्यही ओढणाऱ्यांत कमी आढळतं. पडद्याखालच्या पेशींचं काम कचरा वाहून न्यायचं. त्या थकल्या की ठिबकच्या नळीत क्षार धरावेत तसे पडद्याखाली पिवळसर साठे धरतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. हा झाला कोरडा प्रकार, तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काहींच्यात पुढं पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपतं. हा ओला प्रकार. यात नजर आठवड्यांत जाऊ शकते. वयानं होणाऱ्या या आजाराचा धोका ओढणाऱ्यांना दोन ते चार पट असतो, आणि तो त्यांना काही वर्षं आधीच गाठतो. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूतही काढून टाका. तेंदूच्या पानातून हवा कमी शिरते, म्हणून विडी विझू नये यासाठी जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते. धूर उलट जास्त आत जातो.

आता तुमच्या मनात येईल की पडदा खराब होता तर ऑपरेशनआधी का नाही सांगितलं. तपकिरी, पिकलेल्या मोतीबिंदूतून डॉक्टरांना आतलं दिसत नाही आणि ओसीटी या पडद्याच्या स्कॅनचा प्रकाशही नीट पोचत नाही. अशा वेळी सोनोग्राफी करतात. पडदा जागेवरून सुटला आहे का हे तिच्यात कळतं, पण मॅक्युलातले इतके बारीक बदल कळत नाहीत. भिंग काढल्यावरच मागचं उघड होतं. म्हणून ऑपरेशन वाया गेलं असं अण्णांना वाटू देऊ नका. त्याच्यामुळंच पडद्याची तपासणी आता शक्य झाली आहे.

मला आठवतात ते तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार, वय ६६, दिवसाला विडीचं एक बंडल. त्यांचंही असंच झालं होतं. ऑपरेशननंतर रंग उजळ दिसू लागले, पण समोरच्याचा सदरा दिसायचा आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट ठिपका. ते तीन महिने थेंब घालत थांबले. पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची पट्टी, डोळ्यापुढं धरूनही नजर वाढली नाही. म्हणजे चष्म्याच्या नंबरानं सुटणारं हे नव्हतं. भिंगामागची झिल्लीही स्वच्छ होती. मग मी रेषांचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मांडवाच्या तारा वर्षभर वाकड्याच दिसत्यात की, मी म्हटलं मोतीबिंदूच असंल.” मोतीबिंदूनं रेषा धूसर होतात, वाकत नाहीत. वाकली की दोष पडद्यात. हे एवढं त्यांना वर्षभरापूर्वी कुणी सांगितलं असतं तर फार वेगळं घडलं असतं, याची मला आजही हळहळ वाटते.

ओसीटीत पडद्याखाली पाणी निघालं आणि एका कडेला जुना व्रणही. महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं डोळ्यात दिली, पुढं अंतर वाढवत नेलं. दोन मीटरवरून बोटं मोजण्याइतकी असलेली नजर ६/३६ पर्यंत, म्हणजे तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं वाचण्याइतकी, आली. त्या डोळ्यानं वाचणं काही परतलं नाही, कारण व्रण इंजेक्शननं जात नाही. इंजेक्शन झिरपणं थांबवतं. म्हणून व्रण व्हायच्या आत पोचणं महत्त्वाचं. डाव्या डोळ्यात ड्रुसेन होते, पण गळती नव्हती. त्यांनी विडी सोडली, दर आठवड्याला तारा बघायची सवय ठेवली आणि तीन वर्षांनीही त्या डोळ्यानं पेपर वाचत होते.

तुमच्या डॉक्टरांना नेमकं विचारा, पडदा खराब म्हणजे काय? ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यानं काहींच्या मॅक्युलाला सूज येते, ती बहुधा थेंबांनी उतरते. साखर असेल तर तिच्यामुळंही सूज असू शकते. कोरडा प्रकार असेल तर झिरपणं थांबवणाऱ्या या इंजेक्शनचा उपयोग नाही. ओला असेल तर तीच करायची. या चारांचे मार्ग वेगळे आहेत आणि ते ओसीटीशिवाय ठरत नाहीत. इंजेक्शनमध्ये बेव्हॅसिझुमॅब इतरांपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि चांगलं काम करतं. खर्चाचं दडपण असेल तर त्याचं नाव घेऊन विचारायला संकोच करू नका.

गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. वयानं होणाऱ्या या आजारात पडदा मध्यम खराब असेल, किंवा एका डोळ्यात तो पुढं गेलेला असेल, तर क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं, ल्युटिन आणि झियाझँथिन यांच्या ठरावीक मात्रेनं आजार पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशानं कमी होतो. गेलेली नजर त्यांनी येत नाही. जुन्या मिश्रणात बीटा कॅरोटीन असायचं. ओढणाऱ्यांत त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो असं १९९० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं, म्हणून २०१३ मध्ये त्याच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन घेतलं. मेडिकलमधून ‘डोळ्याच्या गोळ्या’ आणल्या असतील तर मागचं लेबल वाचा. बीटा कॅरोटीन लिहिलेलं असेल तर अण्णांना देऊ नका, विडी अलीकडंच सोडली असली तरीही. जेवणातलं गाजर चालतं. पालक आणि मका तर ल्युटिनसाठी चांगलेच.

आणि सोडून उपयोग काय? मोतीबिंदूचा धोका सोडल्यावर कमी होतो, पण कधीच न ओढलेल्या माणसाइतका खाली येत नाही. पडद्याचा धोका वर्षागणिक उतरत जातो आणि साधारण वीस वर्षांनी न ओढणाऱ्याच्या जवळ पोचतो. ६४ व्या वर्षी वीस वर्षं ऐकून हसू नका. एका डोळ्यात ओला प्रकार झाला की दुसऱ्याचा धोका बराच वाढतो, आणि अण्णांचं पुढचं सगळं आयुष्य आता त्या डाव्या डोळ्यावर आहे. त्याच्या वाटेचा धूर आज थांबवता येतो, वय थांबवता येत नाही. विडी सोडून तंबाखू मळायला किंवा मशेरी लावायला लागले तर निकोटिन चालूच राहतं, आणि तंबाखूनं डोळ्याच्या नसेलाही इजा होऊ शकते. त्यात आधी लाल रंग फिका दिसू लागतो. चाळीस वर्षांची सवय रागावून सुटणार नाही. निकोटिनच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि १८०० ११२ ३५६ हा सरकारी मोफत नंबर त्यांना स्वतःला लावू द्या.

तुम्ही स्वतः ओढत असाल तर तेही बघा. हा आजार घराण्यात चालतो आणि विडी-सिगारेट त्यात भर घालते.

तपासणीला जाताना ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, साखरेचा रिपोर्ट आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्या बरोबर घ्या. बाहुली मोठी करायला थेंब घालतील, नंतर चार-सहा तास अंधुक दिसेल आणि उजेड सहन होणार नाही. गाडी अण्णांना चालवू देऊ नका, सोबत कुणीतरी जा. आणि डाव्या डोळ्याचीही ओसीटी त्याच दिवशी करून घ्या.