शिकवणं आणि लिहिणं, एकाच बायोडाटात

"सर, मी पाच वर्षं ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि पेपरच्या पुरवणीत लिहितेपण. मुलाखतीत संस्थेचे सचिव म्हणाले, 'तुम्हाला नेमकं करायचं काय आहे?' लेखनाचं सगळं काढून टाकू का?"

काढू नका ताई. दारव्हा तालुक्यातल्या या ताईंचा बायोडाटा मी पेन्सिल घेऊन वाचला, आणि अडचण लेखनाची नव्हतीच. त्यांनी सगळं एकाच तक्त्यात तारखेप्रमाणे लावलं होतं, म्हणजे तासिका, मग कथेला बक्षीस, मग परत तासिका, मग स्तंभ, मग दुसरं कॉलेज. शिकवण्याची सलग पाच वर्षं होती, पण मधेमधे लेखन घुसल्यामुळे ती तुटक वाटत होती. मला मोजायलाच दोन मिनिटं लागली, आणि सचिवांसमोर तर त्या दिवशी तीस-चाळीस अर्ज असतील, ते कशाला मोजत बसतील जी.

मग आम्ही दोन मथळे केले, 'अध्यापन अनुभव' आणि 'लेखन व संपादन', आणि दोन्हीकडे अलीकडचं काम वर ठेवलं. एकच वर्ष दोन्हीकडे आलं तर येऊ द्या, त्यात काही चूक नाही, उलट दोन्ही कामं सोबत चालली हे त्यातूनच दिसतं. वर 'शिक्षिका / लेखिका / कवयित्री' अशी माळ होती ती काढली, तिथं फक्त 'मराठी अध्यापक, ज्युनिअर कॉलेज, एम.ए. बी.एड.' एवढंच ठेवलं.

खरी गंमत पुढे आली. बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीत मुलाखत, अहवाल, वृत्तलेख आहे ना? मी विचारलं, तुमचा छापून आलेला वृत्तलेख वर्गात दाखवला का कधी? त्या म्हणाल्या, "हो, बोंडअळीवरचा, पोरांनी गावात फिरून तसाच लिहून आणला." आणि हे बायोडाटात कुठंच नव्हतं! ती ओळ अध्यापनात गेली: 'स्वतःचा प्रकाशित वृत्तलेख वापरून बारावीला वृत्तलेखन शिकवलं, विद्यार्थ्यांकडून गावाच्या प्रश्नावर लेख लिहून घेतले.' बाकीचे लेख खाली तीन ओळींत, त्यातही निवडक, कथेचं बक्षीस एका ओळीत.

संपादनाच्या कामाला अर्ज करायचा तर हाच कागद, मथळे फक्त खालीवर करायचे आणि वरची ओळ बदलायची. तिथं अध्यापन दोन ओळींत उरतं, आणि पोरांचे लेख तपासून दुरुस्त केले हा भाग पुढे येतो. तारखा आणि पदनाम मात्र दोन्हीकडे अगदी सारखे पाहिजेत, तासिकेला 'पूर्णवेळ' लिहिलं आणि अनुभव प्रमाणपत्रात तासिका निघाली तर तिथंच गाडी अडते.

एक मात्र, पवित्र पोर्टलवर मुलाखतीशिवायच्या जागांना हे काही कामाचं नाही, तिथं टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणीचे गुण चालतात. हे सगळं मुलाखतीसाठी.

पुढच्या मुलाखतीला ताई बोंडअळीचं कात्रण आणि पोरांच्या चार वह्या पिशवीत घालून गेल्या, आणि सचिवांनी आधी वह्याच मागितल्या.